सूक्ष्मलहरींवर तापविलेले अन्न : एका शंकेचे सविस्तर उत्तर

आमच्या त्रैमासिकाच्या एका वाचक वैद्यभगिनींचे पत्र काही दिवसांपूर्वी आम्हांस आले. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांच्या घरी आता मायक्रोवेव्ह ओव्हन असतो, आणि पथ्य सांगू लागताच हे रुग्ण दोन प्रश्न हटकून विचारतात. पहिला असा की, या यंत्रात तापविलेले अन्न किरणोत्सर्गी होते काय? दुसरा असा की, त्यातील जीवनसत्त्वे नष्ट होऊन अन्न निःसत्त्व होते काय? भगिनींनी शेवटी लिहिले होते, "आपल्या शास्त्रात या यंत्राचा उल्लेख असणे शक्य नाही. मग रुग्णाला उत्तर द्यायचे ते कशाच्या आधारे?"

प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या त्यांचा नाही. म्हणून अन्नतंत्रज्ञान विषयाचे अनेक वर्षे अध्यापन करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या हाती आम्ही ते पत्र दिले. त्यांनी सविस्तर उत्तर पाठविले. त्या उत्तरातील प्रतिपादन, आणि त्याचा वैद्यकव्यवसायाशी जेथे संबंध येतो तेथे आमचे विवेचन, असे दोन्ही येथे एकत्र देत आहोत.

किरण या शब्दाने झालेला घोटाळा

उत्तराच्या आरंभीच स्नेह्यांनी लिहिले आहे की, पहिल्या शंकेचे मूळ भौतिकशास्त्रात नसून भाषेत आहे. इंग्रजीतील 'रेडिएशन' हा शब्द सूर्यप्रकाशालाही लागू पडतो, चुलीच्या धगीलाही लागू पडतो आणि अणुभट्टीतून निघणाऱ्या किरणांनाही. मराठीत मात्र हा शब्द ऐकला की मनात केवळ अणुबॉम्ब उभा राहतो. एखादी वस्तू किरणोत्सर्गी होणे म्हणजे तिच्या अणूंच्या केंद्रकातच बदल होऊन ती स्वतः किरण सोडू लागणे. असा बदल कोणत्या किरणांनी घडतो आणि कोणत्यांनी घडत नाही, हे त्या किरणांच्या एकेका कणाजवळ किती ऊर्जा आहे यावर ठरते.

घरगुती ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून ज्या लहरी निघतात त्यांची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. या लहरींच्या एका कणाची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारे एक लक्षांश इतकी अल्प आहे. आपण ज्या उजेडात हा लेख वाचीत आहात त्या उजेडाच्या एका कणाची ऊर्जा याच्या सुमारे दोन लाख पट आहे. अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्यास सुमारे १० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि केंद्रकाला हात घालावयाचा तर काही दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची आवश्यकता असते. दिव्याच्या प्रकाशात ठेवलेली भाकरी किरणोत्सर्गी होत नाही हे आपण मान्य करतो. मग त्याहून लक्षावधी पटीने दुर्बळ कणांनी ती तशी कशी व्हावी?

येथे कोणी म्हणेल की ओव्हनची शक्ती ८०० किंवा १००० वॅट असते, तेव्हा कण दुर्बळ असले तरी संख्येने अगणित असतात. ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर समजून घेणे अगत्याचे आहे. केंद्रकातील बदल एका वेळी एकाच कणाच्या आघाताने घडतो. दुर्बळ कणांचे बळ त्यासाठी एकत्र होत नाही. कण पुष्कळ असले तर अन्न अधिक तापते, एवढेच. शिवाय बटण बंद होताच लहरींची निर्मिती थांबते, आणि दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश साठून राहत नाही त्याचप्रमाणे या लहरीही अन्नात किंवा भांड्यात साठून राहत नाहीत.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या ठिकाणी फार बोलके आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली 'कृषक' हे विकिरण केंद्र सुरू केले. तेथे कांद्यास मोड येऊ नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६० या मूलद्रव्यातून निघणारे गॅमा किरण सोडले जातात, आणि २००७ पासून अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यांवरही तेथे ही प्रक्रिया होऊ लागली. या गॅमा किरणांच्या एका कणाची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक, म्हणजे मायक्रोवेव्हच्या कणाच्या शंभर अब्जांहून अधिक पट असते. तरीही ते कांदे वा आंबे किरणोत्सर्गी होत नाहीत, कारण अन्नातील कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन या मूलद्रव्यांची केंद्रके हलविण्यास तीही ऊर्जा अपुरी पडते. खऱ्याखुऱ्या अणुकिरणांनी जे होत नाही ते स्वयंपाकघरातील यंत्राने होते, असे मानण्यास आधार उरत नाही.

मग अन्न तापते कसे?

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धनभारित आणि दुसरे किंचित ऋणभारित असते. सूक्ष्मलहरींचे विद्युत्क्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलते व त्याच्या मागोमाग हे रेणू वळू पाहतात. त्यांच्या परस्परांवरील घर्षणातून उष्णता निर्माण होते. ही उष्णता आणि चुलीची उष्णता यांच्या जातीत काही भेद नाही. भेद आहे तो ती कोठे उत्पन्न होते यात. चुलीवर ती भांड्याच्या तळाकडून येते, येथे ती अन्नाच्याच वरच्या दोनतीन सेंटिमीटरच्या थरात उत्पन्न होते आणि तेथून आतल्या भागाकडे सावकाश पसरते. 'मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवितो' हा समज त्यामुळे चुकीचा आहे. या एका गोष्टीवर पुढील सर्व विवेचन अवलंबून असल्याने ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

एक छोटासा हिशेब करून पाहू. शीतकपाटातून काढलेले २०० ग्रॅम वरण ५ अंश सेल्सिअसवरून ७५ अंशांपर्यंत न्यावयाचे आहे. वरण बव्हंशी पाणीच, म्हणून पाण्याचा हिशेब धरला तर २०० गुणिले ७० म्हणजे १४,००० कॅलरी, अर्थात सुमारे ५८,५०० ज्यूल उष्णता लागेल. ८०० वॅटचा ओव्हन सेकंदाला ८०० ज्यूल देतो, म्हणून सुमारे ७३ सेकंद लागतील, आणि सर्व ऊर्जा अन्नात उतरत नसल्याने प्रत्यक्षात दीड मिनिट धरावे. गॅसवर हेच वरण पातेल्यासह तापविण्यास चारपाच मिनिटे लागतात. वरणाला मिळालेली उष्णता दोन्हीकडे तेवढीच. फरक पडतो तो काळाचा, आणि काळ हा जीवनसत्त्वांच्या नाशातील एक मुख्य घटक आहे.

सत्त्वनाश : कशाने आणि किती?

अन्नातील पोषकद्रव्ये शिजविताना कमी होतात ती चार कारणांनी: उष्णता, काळ, हवेतील प्राणवायू आणि पाणी. यांपैकी पाण्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. 'क' जीवनसत्त्व, फोलेट, थायमिन ही पाण्यात विरघळणारी द्रव्ये आहेत. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर ही द्रव्ये नष्ट न होताही मोरीत जातात.

मायक्रोवेव्हविरुद्ध सर्वांत अधिक उद्धृत होणारा आकडा नेमका येथेच फसवा ठरतो. स्पेनमधील संशोधकांनी २००३ साली ब्रोकोलीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मायक्रोवेव्हमध्ये शिजविलेल्या ब्रोकोलीतील फ्लॅव्होनॉइड गटातील द्रव्ये ९७ टक्के घटली आणि वाफवलेल्या ब्रोकोलीतील केवळ ११ टक्के घटली, असे त्यांस आढळले. हा आकडा वृत्तपत्रांतून जगभर पसरला. परंतु त्या प्रयोगात ब्रोकोली पाणी घालून यंत्रात ठेवली होती, ही गोष्ट बातम्यांतून गळून गेली. म्हणजे ती मायक्रोवेव्हच्या साहाय्याने पाण्यात उकळली गेली, आणि वाफवलेल्या ब्रोकोलीला पाण्याचा स्पर्शच नव्हता. तुलना दोन यंत्रांची झाली असे वाचकांना वाटले, पण त्यात पाणी असणे आणि नसणे हाही तितकाच मोठा भेद होता. पाणी न घालता, किंवा धुतल्यावर पानांना चिकटून राहील तेवढ्याच पाण्यात झाकून शिजविल्यास मायक्रोवेव्हमध्ये 'क' जीवनसत्त्व उकळण्यापेक्षा अधिक टिकते.

याचा व्यवहारातील अर्थ असा. २०० ग्रॅम पालक धुऊन, न निथळता काचेच्या भांड्यात झाकून दोनतीन मिनिटे ठेवला तर तो आपल्याच पाण्यात शिजतो व ओतून देण्यास काही उरत नाही. तोच पालक पातेलेभर पाण्यात आठदहा मिनिटे उकळून पिळून घेतला तर सत्त्वाचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो.

येथे वैद्यवाचकांच्या मनात एक प्रश्न निश्चित उभा राहील. अष्टांगहृदयात तर शाक उकडून, त्याचा रस पिळून काढून, मग स्नेहयुक्त करून खावे असे सांगितले आहे. ते मग चूक काय? आम्हांस तसे वाटत नाही. पालकासारख्या भाजीच्या पाण्यात जीवनसत्त्वांबरोबर विद्राव्य ऑक्झलेटही उतरते. ज्या रुग्णास ऑक्झलेटची अश्मरी वारंवार होते त्याच्यासाठी उकडून पिळून घेतलेला पालक, तोही अल्प प्रमाणात, हाच अधिक युक्त होय, आणि मायक्रोवेव्हमध्ये स्वतःच्या पाण्यात शिजविलेला पालक त्यास देऊ नये, कारण त्यात ऑक्झलेट जसेच्या तसे राहते. सत्त्व राखणे हा एक हेतू, दोष काढणे हा दुसरा. कोणत्या रुग्णासाठी कोणता हेतू मुख्य, हे यंत्र सांगणार नाही. ते वैद्यानेच ठरविले पाहिजे.

मायक्रोवेव्हच्या बाजूने सर्वच आकडे अनुकूल आहेत असेही नाही. जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखविले की, दूध व मांस मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटे तापविल्यास त्यातील ब-१२ जीवनसत्त्व सुमारे ३० ते ४० टक्के कमी होते. दूध चुलीवर उकळल्यानेही ब-१२ घटतेच. तरी शाकाहारी कुटुंबात ब-१२ चा मुख्य आधार दूध-दही हाच असल्याने, तेच दूध दिवसातून चार वेळा उकळी येईपर्यंत तापविणे, मग ते कशावरही असो, टाळलेले बरे. पिण्यापुरते काढून कोमट करावे.

लसणाचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. लसूण ठेचला की त्यातील ॲलिनेज नावाचे विकर ॲलिइनचे रूपांतर ॲलिसिनमध्ये करते, आणि लसणाचा उग्र गंध व पुष्कळसे कार्य त्यावर अवलंबून असते. अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, अख्ख्या पाकळ्या मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट ठेवल्या तरी हे विकर निकामी होते. मात्र लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवला आणि मग तापविला तर कार्याचा बराच भाग टिकतो. नेहमीच्या ओव्हनमध्ये अधिक वेळ भाजल्यानेही असाच परिणाम होतो. म्हणजे दोष लहरींचा नाही, विकराला काम करण्यास अवधी न देण्याचा आहे. लसूण औषध म्हणून सांगताना 'ठेचा, थोडे थांबा, मग शिजवा' एवढे सांगितले की पुरे.

भय कशाचे बाळगावे?

स्नेह्यांच्या उत्तराचा शेवटचा भाग आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटला. लोक नसलेल्या किरणोत्सर्गास भितात आणि असलेल्या धोक्यांकडे दुर्लक्ष करतात, असा त्यांचा अनुभव आहे.

पहिला धोका विषम तापण्याचा. लहरी वरच्या थरातच शोषल्या जातात आणि यंत्रातही त्या सर्वत्र सारख्या पसरत नाहीत. त्यामुळे एकाच वाडग्यात कडेला वाफ निघत असते आणि मध्ये अन्न थंड असते. त्या थंड भागात जंतू जिवंत राहतात. उपाय सोपा आहे. अन्न उथळ पसरावे, झाकावे, अर्ध्या वेळी बाहेर काढून ढवळावे, आणि शेवटी दोन मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे उष्णता आत पोहोचते. मध्यभागी ७४ अंश तपमान आले पाहिजे. तपमापक नसेल तर चमचा अगदी मध्यभागी रोवून काढावा, तेथील घासातूनही वाफ निघाली पाहिजे. याच कारणाने तान्ह्या मुलाची दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये कधीही तापवू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि आतले दूध तोंड पोळण्याइतके कढत असू शकते.

दुसरा धोका शिळ्या भाताचा. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सेरिअस हे जंतू वाढतात. त्यांचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. या जंतूंनी निर्माण केलेले वांतिकारक विष उकळण्याच्या तपमानालाही टिकून राहते. असा भात मायक्रोवेव्हमध्ये, चुलीवर वा फोडणी देऊन कितीही तापविला तरी जंतू मरतील पण विष जाणार नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत वारंवार वांती झाली व भाताचा इतिहास मिळाला, तर वैद्याने या कारणाची आठवण ठेवावी. भात उरणार असेल तर तो दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात त्याही आधी, उथळ भांड्यात पसरून शीतकपाटात ठेवावा.

तिसरा धोका आपल्या व्यवसायाशी थेट संबंधित आहे. अनेक रुग्ण चूर्णासाठी लागणारे पाणी काचेच्या पेल्यात मायक्रोवेव्हमध्ये तापवितात. गुळगुळीत भांड्यात बुडबुडा तयार होण्यास जागा मिळत नाही, त्यामुळे पाणी कधीकधी १०० अंशांच्या वर जाऊनही शांत दिसते. उकळी नाही म्हणून रुग्ण त्यात चमचाभर चूर्ण टाकतो, चूर्णाचे कण हीच बुडबुड्यांची असंख्य स्थाने होतात, आणि सारे पाणी क्षणात उसळून हातातोंडावर येते. म्हणून रुग्णास स्पष्ट सांगावे की, पाणी तापविण्यापूर्वी त्यात लाकडी काडी किंवा लाकडी चमचा ठेवावा, तापल्यावर अर्धा मिनिट थांबावे, आणि चूर्ण पाण्यात न टाकता वेगळ्या वाटीत घेऊन त्यावर पाणी ओतावे.

काढ्याविषयीही पत्रात पृच्छा होती. शार्ङ्गधराने क्वाथासाठी सोळापट पाणी घालून, मंद अग्नीवर ते अष्टमांश उरेपर्यंत आटविण्यास सांगितले आहे. या विधीत दीर्घकाळ मंद उकळणे व सावकाश बाष्पीभवन हे दोन्ही अभिप्रेत आहेत. घरगुती मायक्रोवेव्ह कमी शक्तीवर ठेवला तरी तो मंद तापवीत नाही. बहुतेक यंत्रे पूर्ण शक्तीने काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असा खेळ करतात. काढा त्यामुळे एकदम उतू जातो, थांबतो, पुन्हा उतू जातो. तेव्हा काढा चुलीवरच करावा. तयार काढा पिण्यापुरता कोमट करण्यास यंत्र वापरण्यात दोष नाही.

रुग्णास काय सांगावे?

अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात पुन्हा गरम केलेले अन्न त्याज्य मानले आहे. हा निषेध पुन्हा तापविण्याच्या कृतीला आहे, साधनाला नाही. चुलीवर तिसऱ्यांदा उकळलेली आमटी त्यातून सुटत नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये प्रथमच शिजविलेली ताजी भाजी त्यात सापडत नाही. वैद्यभगिनींनी रुग्णास विचारावयाचा प्रश्न म्हणूनच 'कशावर तापविता?' हा नसावा. 'कधी शिजविले होते, मध्यंतरी कोठे ठेवले होते, कितव्यांदा तापविता आणि भाजीचे पाणी ओतून देता का?' हे चार प्रश्न विचारावेत. ओव्हनचे दार नीट मिटत नसेल, बिजागरी किंवा जाळी वाकलेली असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, कारण बाहेर आलेल्या लहरी शरीरासही तापवितात. भांडे काचेचे वा चिनीमातीचे, सोनेरी-रुपेरी काठ नसलेले घ्यावे. तेलतुपाचे पदार्थ प्लास्टिकच्या डब्यात तापवू नयेत, कारण स्निग्ध पदार्थ १०० अंशांच्या वर तापतात आणि प्लास्टिकमधील द्रव्ये त्यांत उतरतात.

किरणोत्सर्गाच्या भयापोटी ज्यांनी ओव्हन बंद करून ठेवला आहे त्यांनी तो निःशंकपणे वापरावा. ओट्यावर राहिलेला रात्रीचा भात मात्र, ओव्हन असो वा चूल, टाकूनच द्यावा.